एक्सप्लेनर: रेषा आणि अक्षांमधला त्रिकोण; उत्तर बरोबर आलं, तरी पद्धत चुकलेली असू शकते

3x − 4y = 12 ही रेषा दोन्ही अक्षांसोबत जो त्रिकोण करते, त्याचं क्षेत्रफळ किती? घाईत अनेक जण 3 आणि 4 उचलतात, गुणाकार करून निम्मा करतात. उत्तर 6 येतं आणि ते बरोबरही असतं! पण हा निव्वळ योगायोग आहे.

उजवीकडे 12 ऐवजी 24 ठेवून बघा. रेषा आरंभबिंदूपासून लांब सरकली, त्रिकोण मोठा झाला. या पद्धतीने उत्तर मात्र 6 वरच अडकलं.

खरी रीत अशी. उजवी बाजू 1 व्हायला हवी, म्हणून पूर्ण समीकरणाला 12 ने भागायचं: x/4 + y/(−3) = 1. आता छेदातले आकडे म्हणजे इंटरसेप्ट. रेषा X-अक्षाला (4, 0) वर आणि Y-अक्षाला (0, −3) वर छेदते. अक्ष काटकोनात असल्यामुळे एक बाजू पाया, दुसरी उंची. लांबी उणे नसते, म्हणून चिन्ह सोडून 4 आणि 3 घ्यायचे: ½ × 4 × 3 = 6 चौरस एकक. उजवीकडे 24 असेल तर इंटरसेप्ट 8 आणि −6, क्षेत्रफळ 24. रेषा दुप्पट लांब गेली की क्षेत्रफळ चौपट होतं.

थोडक्यात x/a + y/b = 1 असेल, तर क्षेत्रफळ ½|ab|. त्या दोन उभ्या रेघा शोभेच्या नाहीत, हे उलट प्रश्नात कळतं.

समजा, रेषा (2, 1) मधून जाते आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ 4 आहे. म्हणजे |ab| = 8. बिंदू समीकरणात टाकला की 2/a + 1/b = 1, म्हणजेच a + 2b = ab. बरेच जण ab = 8 धरतात. मग b² − 4b + 4 = 0, त्यातून b = 2, a = 4. एक रेषा मिळाली की वही बंद!

पण ab = −8 सुद्धा चालतं. तेव्हा b² + 4b − 4 = 0 येतं आणि b साधारण 0.83 किंवा −4.83. त्यांच्या जोडीला a अनुक्रमे −9.66 आणि 1.66. म्हणजे रेषा एकूण तीन. पहिल्या रेषेचा त्रिकोण पहिल्या चरणात, उरलेल्या दोघींचे दुसऱ्या आणि चौथ्या चरणात. कच्ची आकृती काढली तरी त्या दिसतात. प्रश्नात ‘इंटरसेप्ट धन आहेत’ असं लिहिलं असेल, तरच एका रेषेवर थांबायचं.

आरंभबिंदूतून जाणाऱ्या किंवा अक्षाला समांतर रेषेचं काय? तिचा त्रिकोणच होत नाही. 3x − 4y = 0 असेल तर उजवी बाजू भागून 1 करताच येत नाही, तिथेच ओळखायचं.