४५ ठोकळे आणि १२ साचे

आठवं सेमिस्टर सुरू झालं की सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची मुलं चार-चारच्या गटाने विषय घेऊन येतात. एका जानेवारीत असाच एक गट माझ्यासमोर बसला होता. वहीत तीन विषय लिहिलेले. पहिला होता जिवाणूंच्या मदतीने स्वतःच्या भेगा भरून काढणारं काँक्रीट, आणि त्यावरच मुलांचा जीव जडला होता. विषय सुंदर आहे. जिवाणू आपल्या ओघात कॅल्शियम कार्बोनेट तयार करतात आणि त्याने बारीक भेग बुजते.

मी त्यांना विचारलं, जिवाणू कुठून आणणार? त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून मागवता येतात. पण आणल्यावर ते वाढवायचे कुठे? आमच्याकडे निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह नाही, इन्क्युबेटर नाही. भेग किती भरली हे मोजायला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, तोही नाही. आणि भेग पाडून ती भरायची वाट पाहायची म्हणजे ठोकळा तयार झाल्यावर आणखी कित्येक आठवडे. जीवशास्त्राची प्रयोगशाळा शेजारी असलेल्या कॉलेजला हा विषय जमेल. आमच्या मुलांचे पहिले दोन महिने फक्त जिवाणू जिवंत ठेवण्यात गेले असते.

मग ती दुसऱ्या विषयावर आली: उसाच्या चिपाडाची राख सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरणं. आमच्या भागात हे स्वाभाविक आहे. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे जानेवारीत बॉयलर पेटलेले असतात आणि ताजी राख फुकट मिळते. अडचण एवढीच की या विषयावर शेकडो प्रकल्प होऊन गेलेत. शून्य, पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस टक्के राख घालायची, ठोकळे फोडायचे आणि शेवटी ‘दहा टक्के सर्वोत्तम’ असं लिहायचं. या मुलांनीही तेच लिहिलं होतं. वर दाब, ताण आणि वाक अशा तिन्ही चाचण्या.

मी त्यांना फळ्यावर आकडा काढायला सांगितला. सहा मिश्रणं, सात, अठ्ठावीस आणि छप्पन्न दिवस अशी तीन वयं, प्रत्येक वेळी तीन नमुने, म्हणजे एका चाचणीला ५४ नमुने. तीन चाचण्यांचे १६२. आमच्या प्रयोगशाळेत १५० मिलिमीटरचे ठोकळ्याचे धड साचे आहेत बारा. दंडगोलाचे सहा आणि तुळईचे तीन. साच्यात ओतलेलं काँक्रीट दुसऱ्या दिवशी निघतं, म्हणजे तुळईच्या तीन साच्यांतून ५४ तुळया काढायला अठरा वेळा ओतकाम करावं लागणार, तेही तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल सांभाळून. मुलं गप्प झाली. त्यांनी यादीत सामान लिहिलं होतं, साचे लिहायचे राहिले होते.

माझं मत असं आहे की विषय निवडताना शेवटच्या मोजमापाच्या तारखेपासून मागे यायला हवं. आमचं सबमिशन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात असतं. अहवाल लिहायला पंधरा दिवस ठेवले तर शेवटचा ठोकळा १० एप्रिलपर्यंत फुटला पाहिजे. चिपाडाच्या राखेचं काम सिमेंटसारखं लगेच होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा चुना सुटतो, आणि राखेतली सिलिका त्या चुन्याशी सावकाश जुळून पुढे ताकद देते. त्यामुळे २८ दिवसांवर थांबलं तर राखेवर अन्याय होतो, ५६ दिवसांचा आकडा हवाच. १० एप्रिलच्या मागे ५६ दिवस मोजले तर १३ फेब्रुवारी येते. त्या दिवशी शेवटचं ओतकाम संपलेलं असायला हवं. ९० दिवसांचा आकडा आणखी बोलका असता, पण तो घ्यायचा तर ठोकळे १० जानेवारीलाच ओतायला हवे होते. तो मोह सोडला.

आता नावीन्याचा प्रश्न उरला. मुलांना वाटत होतं की नवीन म्हणजे नवा पदार्थ. मी त्यांना राखेची पिशवी उघडायला लावली. कारखान्याची राख काळसर असते, कारण तिच्यात अर्धवट जळालेल्या चिपाडाचे तंतू असतात. हा कार्बन पाणी पितो आणि ताकद देत नाही. आयआयटी मद्रासमध्ये यावर काम झालेलं आहे. ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून राख चाळली की हे जाड तंतू वर राहतात, आणि खाली आलेली राख दळली की ती जास्त क्रियाशील होते. पण दळायला वीज आणि यंत्र लागतं, चाळायला फक्त चाळणी. गावातल्या ब्लॉक बनवणाऱ्याकडे दळायचं यंत्र कुठून असणार? गटातली एक मुलगी म्हणाली, “सर, मग नुसती चाळून किती काम भागतं ते बघू या का?”

विषय तिथे सापडला. एकाच कारखान्याची राख, एकदा नुसती चाळलेली, एकदा चाळून दळलेली. प्रत्येकी दहा आणि वीस टक्के, शिवाय राख नसलेलं एक मिश्रण. पाच मिश्रणं, तीन वयं, प्रत्येकी तीन ठोकळे, एकूण ४५. दंडगोल आणि तुळया वगळल्या. मिश्रणाला नऊ ठोकळे म्हणजे बारा साच्यांत एका दिवसाचं काम, आणि पाच मिश्रणांना पाच दिवस.

दहा आणि वीस टक्केच का, पाच-पाचच्या पायऱ्या का नाहीत, हे त्यांना समजावायला वेळ लागला. एकाच घमेल्यातल्या तीन ठोकळ्यांचेही आकडे सारखे येत नाहीत. आयएस ४५६ प्रमाणे तिघांची सरासरी घेतात, आणि एखादा सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून जास्त दूर असेल तर तो संच ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे पंधरा टक्क्यांपर्यंतची तफावत नियमालाच मान्य आहे. एम-२५ काँक्रीटची अपेक्षित सरासरी ३१.६ मेगापास्कल निघते. तीन-तीन ठोकळ्यांच्या दोन सरासऱ्यांमध्ये दोन-अडीच मेगापास्कलपेक्षा कमी फरक दिसला तर तो राखेचा की हाताचा, हे सांगता येत नाही. पाच आणि दहा टक्के राखेतला फरक बहुतेक वेळा या धुक्यातच हरवतो. ‘दहा टक्के सर्वोत्तम’ हे वाक्य कितीतरी अहवालांत असंच आलेलं असतं. त्यापेक्षा पायऱ्या लांब ठेवाव्यात, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी ते दिसेल.

दळण्याचं यंत्र आमच्याकडेही नव्हतं. पण रस्त्यांच्या प्रयोगशाळेत लॉस एंजेलिस यंत्र आहे. त्याच्या फिरत्या पिंपात खडी आणि लोखंडी गोळे घालून खडीची झीज मोजतात. तेच पिंप राखेसाठी गिरणीचं काम करतं. फक्त आधीच्या खडीची पूड आत चिकटलेली असते, म्हणून पिंप स्वच्छ करून पहिली दोन-तीन किलो राख फिरवून फेकून द्यायची. किती वेळ फिरवायचं हे घड्याळाने ठरवू नये. अर्ध्या-अर्ध्या तासाने चिमूटभर राख ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुवून वर किती उरतं ते वजन करायचं, आणि ते उतरायचं थांबलं की दळणं थांबवायचं. एकूण आठ-नऊ किलो तयार राख लागणार होती, म्हणून एक पोतं पुरेसं होतं. ते पोतं आलं तेव्हा ओलसर होतं. तसंच वजन केलं असतं तर राखेबरोबर पाणीही मोजलं गेलं असतं, म्हणून भट्टीत १०५ अंशांवर वाळवून घेतलं.

खर्चाचं सांगायचं तर सिमेंटच्या तीन पिशव्या, खडी, क्रश सँड आणि थोडं सुपरप्लास्टिसायझर, एवढ्यात भागतं. राखेचं रासायनिक पृथक्करण बाहेरून एकदाच करून घ्यायचं. सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि तो टाळू नये, कारण त्याशिवाय कुणाची राख वापरली याला अर्थ राहत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो मात्र अहवाल देखणा दिसावा म्हणून काढू नयेत असं मला वाटतं. या प्रश्नाला त्यांची गरज नव्हती.

सिमेंटवर एक चूक दर वर्षी दिसते. दुकानात ‘सिमेंट द्या’ म्हटलं की बहुधा पीपीसी मिळतं, आणि त्यात १५ ते ३५ टक्के कोळशाची राख आधीच मिसळलेली असते. त्यात चिपाडाची राख घातली तर दोन राखांचा हिशेब एकत्र होतो आणि कुणाचा परिणाम किती हे कधीच कळत नाही. पिशवीवर ओपीसी ५३ असं छापलेलं पाहून, तीनही पिशव्या एकाच आठवड्याच्या आणि एकदमच घ्याव्यात.

दुसरी चूक ओतताना होते. राख पाणी पिते, मिश्रण घट्ट वाटतं, आणि कुणीतरी हळूच तांब्याभर पाणी वाढवतं. पाणी वाढलं की ताकद उतरते आणि दोष राखेवर जातो. एका जुन्या गटाचे वीस टक्क्यांचे ठोकळे फारच कमजोर निघाले होते. ओतकामाच्या वहीत पाण्याचा आकडा सगळ्यांना सारखा होता, पण स्लम्पही सारखाच लिहिलेला होता. राख वाढूनही स्लम्प उतरला नाही आणि रसायनही वाढवलं नाही, याचा अर्थ पाणी वाढलं होतं. म्हणून या गटाने पाणी कायम ठेवून सुपरप्लास्टिसायझर ग्रॅममध्ये मोजून वाढवायचं ठरवलं.

२० जानेवारीला चाचणीचं मिश्रण ओतलं, २७ला फोडलं, आणि ३० जानेवारी ते १२ फेब्रुवारी या काळात पाच ओतकामं झाली. तिसऱ्या मिश्रणाच्या तीन ठोकळ्यांत एक वीस टक्के खाली गेला. तो यंत्रात ठेवताना थापीने घासलेली बाजू वर आली होती. ती बाजू सपाट नसते, भार एका कोपऱ्यावर येतो आणि ठोकळा एकाच अंगाने ढासळतो. नीट फुटलेला ठोकळा चारही बाजूंनी सारखा सोलवटतो, मध्ये डमरूसारखा आकार उरतो. मुलांनी त्याचा फोटो काढून ठेवला होता, म्हणून कारण सापडलं. २८ दिवसांच्या आकड्यासाठी १३ मार्चपर्यंत पुन्हा ओतता येणार होतं, म्हणून ते मिश्रण परत केलं.

पहिल्या सात दिवसांच्या निकालाने त्यांचे चेहरे उतरले होते. वीस टक्के राखेचे दोन्ही संच मागे होते आणि नुसती चाळलेली राख सगळ्यात मागे. मी त्यांना टाकीजवळ नेलं. पाण्याखालच्या प्रत्येक ठोकळ्यावर रंगाने तीन गोष्टी लिहिल्या होत्या: मिश्रणाचं अक्षर, ओतल्याची तारीख आणि फोडायची तारीख. शेवटच्या रांगेवर ९ एप्रिल होतं.