लिस्बनला दिलेला शब्द

12 मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांत 257 माणसे गेली. त्या खटल्यातला फरार आरोपी अबू सालेम 18 सप्टेंबर 2002 रोजी लिस्बनमध्ये पकडला गेला. त्याला मुंबईच्या टाडा न्यायालयात उभे करायला आणखी तीन वर्षे लागली. या विलंबाचा राग आपल्याकडे अनेकांना आला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण या तीन वर्षांत, आणि त्यानंतर, काय घडले ते पाहिले की प्रत्यार्पण म्हणजे नेमके काय ते कळते.

त्या वेळी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. बॉम्बहल्ल्यांविरुद्धच्या 1997 च्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार भारताने घेतला. त्यामुळे एक मोठी अडचण आपोआप दूर झाली. राजकीय गुन्ह्यासाठी कुणालाही दुसऱ्या देशाच्या हवाली करायचे नाही, हा प्रत्यार्पणातला जुना अपवाद आहे. बंडखोराला त्याच्या शत्रूच्याच हाती द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार. मराठी वाचकाला इथे सावरकर आठवतील. लंडनमध्ये 1910 साली त्यांना पकडले ते साम्राज्याच्या अंतर्गत लागू असलेल्या फरारी आरोपींच्या कायद्याखाली, आणि त्या कायद्यात हा अपवाद नव्हता. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातल्या करारात मात्र तो होता. म्हणून मार्सेलिसच्या धक्क्यावर ते फ्रेंच भूमीवर उतरले याला एवढे महत्त्व आले. सालेमच्या बाबतीत हा दरवाजा बंद होता, कारण बॉम्ब ठेवून सामान्य माणसे मारणे हा राजकीय गुन्हा मानायचा नाही, असे त्या 1997 च्या करारातच लिहिलेले आहे.

पुढची कसोटी दुहेरी गुन्हेगारीची. ज्या कृत्यासाठी माणूस मागितला ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. कलमाचे नाव जुळायची गरज नसते. टाडा हा कायदा पोर्तुगालच्या पुस्तकात नाही, पण कट करणे, स्फोट घडवणे, माणसे मारणे हे तिथेही गुन्हेच आहेत. न्यायाधीश कलमाच्या आड असलेली कृती पाहतात.

खरा पेच शिक्षेचा होता. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. तिथली कमाल शिक्षा 25 वर्षांची. म्हणून 17 डिसेंबर 2002 रोजी उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली की सालेमला फाशी होणार नाही आणि 25 वर्षांहून अधिक तुरुंगवासही होणार नाही. पुढच्या वर्षी आपल्या राजदूतांनी आणखी एक हमी दिली. ज्या गुन्ह्यांसाठी त्याला मागितले आहे, त्यापलीकडच्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालणार नाही. हाच विशिष्टतेचा नियम. नोव्हेंबर 2005 मध्ये सालेम मुंबईत आला तो या दोन हमींसह.

आता मुंबईत काय झाले ते पाहा. गुजरातेतून शस्त्रे आणून मुंबईत पोहोचवल्याचा त्याच्यावर आरोप होता. टाडा न्यायालयाने आरोपपत्र निश्चित करताना शस्त्रे आणि स्फोटके बाळगण्याची काही कलमे जास्तीची लावली. ती पोर्तुगालच्या परवानगीत नव्हती. सालेमने हरकत घेतली. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. आपल्या 1962 च्या प्रत्यार्पण कायद्याचे कलम 21 सांगते, की परवानगी मिळवताना मांडलेल्या वस्तुस्थितीतून जो सौम्य गुन्हा दिसतो, त्यासाठीही खटला चालवता येतो. जास्तीची कलमे त्यात बसतात, असे न्यायालय म्हणाले. तर्क चुकीचा नाही. ज्याने कट करून बॉम्ब ठेवले त्याने स्फोटके बाळगलीच असणार.

पण लिस्बनच्या न्यायालयाने तो मानला नाही. 2011 साली त्याने अटी मोडल्याचा निर्णय दिला आणि प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द केली. जानेवारी 2012 मध्ये पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तरीही सालेम परत जाणार नव्हता, कारण परदेशी न्यायालयाचा हुकूम भारतातल्या तुरुंगाला लागू होत नाही. या नियमाचा कमकुवत दुवा हाच. हवाली केलेल्या माणसावर देणाऱ्या देशाची सत्ता उरत नाही, उरते ती फक्त घेणाऱ्याची पत. उद्या भारत कुणाला मागायला गेला, तर समोरचा न्यायाधीश ही फाइल उघडणार. मला वाटते, सीबीआयने म्हणूनच शहाणपणा केला. जास्तीचे आरोप मागे घेऊ द्या, असा अर्ज तिने केला, आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने पोर्तुगालचा निर्णय आपल्यावर बंधनकारक नसल्याचे सांगत, तरीही परस्पर आदर राखण्यासाठी, ते आरोप मागे घेऊ दिले.

उरला शिक्षेचा शब्द. 2017 मध्ये टाडा न्यायालयाने सालेमला जन्मठेप दिली. कार्यपालिकेने दिलेली हमी न्यायालयाला बांधत नाही, पण सरकारला बांधते, असे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मग 25 वर्षे मोजायची कुठून? सालेम म्हणाला, 2002 च्या अटकेपासून. पण ती सुरुवातीची वर्षे तो पोर्तुगालमध्ये बनावट पासपोर्टच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता. न्यायालयाने 12 ऑक्टोबर 2005 ही तारीख धरली. 25 वर्षे पुरी झाल्यावर सरकारने राष्ट्रपतींना शिक्षामाफीचा सल्ला द्यावा आणि महिन्याभरात कागदपत्रे पुढे पाठवावीत, असा आदेश आहे.