आधी ज्येष्ठता, मग चिठ्ठी

गृहनिर्माण सोसायटीच्या सूचनाफलकावर लागणाऱ्या कागदांपैकी पाणी बंद राहणार असल्याची सूचना सगळे वाचतात आणि पार्किंगवाटपाचे पत्र सगळे दोनदा वाचतात. ‘स. न. वि. वि. पुढील वर्षासाठी वाहनतळाचे वाटप प्रथम ज्येष्ठतेनुसार व उरलेल्या जागांसाठी सोडतीने करण्यात येईल’ एवढेच सचिवांनी लिहिलेले असते. ज्येष्ठता कुठल्या तारखेपासून धरायची, सोडतीला किती जागा ठेवल्या, ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याचे पुढच्या वर्षी काय, हे त्या एका वाक्यात येत नाही. वाद सुरू होतात ते नेमके इथून.

मुळात या जागा वाटण्याचा अधिकार सोसायटीकडे कसा आला? इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा, म्हणजे स्टिल्ट, बिल्डर वेगळे पैसे घेऊन विकत असत. दहिसरच्या पांचाली सोसायटीचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निकाल दिला. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यानुसार स्टिल्टमधली जागा ही स्वतंत्र सदनिका नाही, तो इमारतीच्या सामाईक भागाचा हिस्सा आहे, त्यामुळे बिल्डरला ती विकता येणार नाही, असा तो निकाल होता. पुढे आलेल्या ‘रेरा’ कायद्यानेही उघड्यावरचे पार्किंग सामाईक भागातच धरले. ‘रेरा’खालच्या नव्या प्रकल्पात बंदिस्त गॅरेज किंवा आच्छादित पार्किंग करारनाम्यात नोंदवून विकलेले असेल, तर त्या जागा आधी वगळाव्या लागतात. उरतात त्या सर्व सभासदांच्या, आणि त्या वापरायला कोणाला द्यायच्या हे सोसायटी ठरवते. सभासदाला मिळतो तो फक्त वापर. सोसायटीने दिलेली जागा त्याला विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

वाटपाचा नियम सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत आहे. ज्या सभासदाकडे मोटार आहे तो अर्ज करू शकतो. मोटार त्याच्या स्वतःच्या मालकीची असावी किंवा त्याच्या कंपनीने त्याला दिलेली असावी. साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. उपलब्ध जागांचे वाटप ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या क्रमाने करायचे. अर्जदार कमी पडून जागा रिकाम्या राहिल्या, तरच दुसरी किंवा तिसरी जागा देता येते. तीही वर्षापुरती आणि ज्याला एकही जागा नाही अशा सभासदाने मागणी केलेली नसेल तरच. गाड्या जास्त आणि जागा कमी, अशी वेळ आली की वर्षापुरती सोडत. ‘आधी ज्येष्ठता, मग चिठ्ठी’ ही पद्धत यातूनच आली आहे. अर्जांचा क्रम हे तिचे पहिले अंग आणि सोडत हे दुसरे.

इथे ज्येष्ठतेचा वयाशी संबंध नाही. तरीही ती तीन वेगवेगळ्या तारखांवरून मोजली जाते. काही सोसायट्या सभासदत्वाची तारीख धरतात, काही सदनिकेच्या ताब्याची, तर काही पार्किंगच्या अर्जाची. यातली कोणती तारीख धरली यावर निकाल पूर्ण बदलतो. पहिल्या दिवसापासून सभासद असलेल्या, पण गेल्या वर्षीच पहिली गाडी घेतलेल्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. सभासदत्वाची तारीख धरली तर ते यादीत वर असते, अर्जाची तारीख धरली तर शेवटी. शिवाय सोसायटी नोंदणीच्या वेळचे सगळे सभासद एकाच तारखेचे असतात. त्यांच्यात ज्येष्ठ कोण, हे सभासदत्वाच्या तारखेवरून ठरवताच येत नाही. अर्जाची तारीख उपविधींतल्या ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ या शब्दांशी अधिक जुळते आणि तपासायलाही सोपी असते. मात्र त्यासाठी अर्ज-नोंदवही हवी. आलेल्या प्रत्येक अर्जाला त्याच दिवशी अनुक्रमांक द्यायचा, गाडीच्या नोंदणीपत्राची प्रत जोडायची आणि सभासदाला पोच द्यायची.

ज्येष्ठतेला मर्यादा कुठे घालायची हा प्रश्न याहून नाजूक आहे. तो आकड्यांत मांडला की स्पष्ट होतो. एक नमुना म्हणून ४८ सदनिकांची सोसायटी घेऊ. आखलेल्या जागा ३२. पाहुण्यांसाठी दोन ठेवल्या की वाटपाला ३० उरतात. पहिल्या गाडीसाठी ३७ अर्ज आले आणि दुसऱ्या गाडीसाठी सहा. पहिल्या गाड्यांनाच सात जागा कमी पडत असल्याने दुसऱ्या गाडीचे सहा अर्ज बाजूला होतात. यात मतभेदाला जागा नाही.

आता तीन मार्ग उरतात. निव्वळ ज्येष्ठता लावली, तर पहिल्या ३० जणांना जागा मिळते आणि शेवटच्या सात जणांना, वर कोणी गाडी विकेपर्यंत, कधीच मिळत नाही. देखभालीचा खर्च मात्र तेही इतरांइतकाच उचलतात. दुसरा मार्ग सगळ्या ३७ जणांची सोडत काढण्याचा. दरवर्षी सात जण बाहेर राहतील. पाळी नीट फिरवली तर प्रत्येकाला साधारण पाच वर्षांत एकदा गाडी बाहेर लावावी लागेल. तिसरा मार्ग मधला. २० जागा ज्येष्ठतेने द्यायच्या आणि उरलेल्या दहा जागांसाठी बाकीच्या १७ जणांत सोडत काढायची.

मधला मार्ग ऐकायला समंजस वाटतो, पण त्याचा भार कोणावर पडतो ते पाहायला हवे. सात गाड्या बाहेर राहणार हे तिन्ही मार्गांत कायम आहे. ज्येष्ठतेने २० जणांना कायमचे सुरक्षित केले की ते सातही दरवर्षी १७ जणांमधूनच निघतात. मग त्या १७ पैकी प्रत्येकाला पाच वर्षांतली साधारण दोन वर्षे रस्त्यावर गाडी लावावी लागते. म्हणजे ज्येष्ठांच्या सोयीची किंमत नवे सभासद मोजतात. ती मोजायला लावणे योग्य की अयोग्य हे सभेने ठरवावे, पण पाच वर्षांत एक आणि पाच वर्षांत दोन हे आकडे समोर ठेवून ठरवावे. सचिवांच्या पत्रात हे आकडे नसतील, तर सभासद कशाला हात वर करत आहेत हेच त्यांना कळत नाही.

मधला मार्ग निवडलाच, तर दोन तरतुदी त्याचा काच कमी करतात. पहिली म्हणजे यंदा ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांना पुढच्या वर्षी सोडतीशिवाय जागा. आपल्या उदाहरणात पुढच्या वर्षी दहापैकी सात जागा आधी या सात जणांना जातील आणि उरलेल्या तिनांसाठी बाकीच्या दहा जणांत चिठ्ठ्या पडतील. अर्जदार तेवढेच राहिले, तर सलग दोन वर्षे कोणीही बाहेर राहत नाही. दुसरी तरतूद सदनिका विकण्याच्या वेळची. २० पैकी एखाद्याने सदनिका विकली तर त्याची जागा नव्या खरेदीदाराला आपोआप मिळत नाही. ती सोडतीच्या जागांत मिसळायची आणि नव्या सभासदाने नव्याने अर्ज करायचा. त्यामुळे काळाबरोबर राखीव जागा घटत जातात आणि सोडतीच्या वाढतात. सभासदाच्या निधनानंतर सदनिका पत्नीच्या किंवा मुलाच्या नावे झाली, तर ज्येष्ठता टिकते का? याचे उत्तर प्रसंग येण्याआधीच ठरावात लिहिलेले असावे. घरात दुःख असताना त्यावर सभा घेण्याची पाळी कोणावर येऊ नये.

सोडतीचा दिवस अर्ध्या तासाचा असतो, पण तिथली एक ढिलाई वर्षभर पुरते. सोडत दोनदा काढावी लागते, एकदा जागा कोणाला ते ठरवायला आणि दुसऱ्यांदा कोणती जागा ते ठरवायला. सगळ्या जागा सारख्या नसतात. एखादी खांबाला लागून असते आणि तिथे गाडीचे दार पुरते उघडत नाही, एखादी पावसाळ्यात गळणाऱ्या पाइपखाली असते, तर एखाद्या ठिकाणी मागची गाडी काढायला पुढची हलवावी लागते. जागांना क्रमांक देऊन त्यांचा आराखडा सोडतीआधीच फलकावर लावलेला असावा.

चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या आणि सारख्या घडीच्या असाव्यात. प्रत्येक सदनिका क्रमांक मोठ्याने वाचून, सर्वांना दाखवून मग घडी घालावी. डबा रिकामा आहे हे आधी दाखवावे. चिठ्ठी समितीच्या सदस्याने काढू नये, इमारतीतल्या एखाद्या लहान मुलाला काढू द्यावी. दहा चिठ्ठ्या निघाल्या म्हणून थांबूही नये. अकरावीपासून सतरावीपर्यंत सगळ्या काढाव्यात. त्याने दोन गोष्टी साधतात. डब्यात प्रत्येकाची चिठ्ठी एकदाच होती हे सिद्ध होते आणि प्रतीक्षायादीही तयार होते. वर्षाच्या मध्ये कोणी गाडी विकली, तर ती जागा अकराव्या चिठ्ठीला जाते. सचिवांच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. निकाल तिथेच इतिवृत्तात लिहून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात.

वाटपात कुठे पाणी मुरते आहे हे ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. अर्ज-नोंदवही मागितल्यावर मिळत नाही. एकाच सदनिकेच्या दोन गाड्या आत आणि पहिली गाडी असलेला सभासद बाहेर. जागा वापरणाऱ्याची गाडी त्याच्या नावावर नाही आणि कंपनीचे पत्रही नाही. जागा बाहेरच्याला भाड्याने दिली आहे. वर्ष संपून गेले तरी सोडतीचा विषय सभेच्या कार्यपत्रिकेवर नाही. शेवटची खूण सर्वांत जास्त आढळते. वर्षापुरते दिलेले पार्किंग नुसत्या सवयीने कायमचे होऊन बसते.

पार्किंग शुल्काचा दर सर्वसाधारण सभा ठरवते आणि जागा मिळालेल्याने गाडी लावो न लावो, ते भरायचे असते. गाडी विकूनही जागा अडवून ठेवण्याला त्याने थोडा आळा बसतो. तोडगा निघालाच नाही, तर सभासद आणि संस्था यांच्यातला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. तिथे उपयोगी पडतात ते ठराव, नोंदवही आणि इतिवृत्त. ‘आमच्याकडे असेच चालत आले आहे’ या वाक्याला तिथे आधार नसतो.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सचिवांनी पार्किंगचे पत्र त्या सभेच्या नोटिशीसोबतच द्यावे आणि त्यात पाच गोष्टी लिहाव्यात: एकूण जागा किती, पहिल्या गाडीचे अर्ज किती, ज्येष्ठतेची तारीख कोणती, सोडतीला किती जागा आणि ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांचे पुढच्या वर्षी काय. यातली एकही गोष्ट आपल्या हातातल्या पत्रात नसेल, तर सभासदाने सभेपूर्वी लेखी विचारावी आणि त्याची पोच घ्यावी.