फ्रेंचमधला कर्मणी प्रयोग

‘मी लेख लिहिला’, ‘मी चिठ्ठी लिहिली’. लिहिणारा तोच, तरी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. हा शाळेत घोकलेला कर्मणी प्रयोग. फ्रेंचमध्येही असंच काहीसं होतं, पण एका अटीवर: कर्म आधी यायला हवं.

‘झे एक्री ला लेत्र’ म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. इथे चिठ्ठी (लेत्र) स्त्रीलिंगी असली तरी मागून येते, म्हणून ‘एक्री’ जसंच्या तसं राहतं. ‘ला लेत्र क झे एक्रीत’ म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी. इथे चिठ्ठी आधी आली, म्हणून शब्दाला शेवटी ‘ई’ हे अक्षर लागलं आणि एरवी मुका असलेला ‘त’ बोलू लागला. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने हा नियम आपल्या शिष्यांना चक्क कवितेत समजावून दिला होता. बहुतेक क्रियापदांत मात्र फरक ऐकूच येत नाही, तो फक्त कागदावर दिसतो. चुका होतात त्या इथेच.

आता एक वाक्य तपासू: ‘ले लेत्र क मों फ्रेर मा एक्रीत’, भावाने मला लिहिलेल्या चिठ्ठ्या. आधी साहाय्यक क्रियापद पाहायचं. इथे ते ‘आव्वार’ आहे, म्हणून पुढे जायचं. ‘एत्र’ असतं, तर हिशेबच वेगळा. मग विचारायचं, काय लिहिलं? चिठ्ठ्या. त्या क्रियापदाच्या आधी आहेत का? आहेत, ‘क’ हा शब्द त्यांच्याच जागी उभा आहे. चिठ्ठ्या स्त्रीलिंगी, अनेकवचनी, म्हणून शेवटी ‘ई’ आणि ‘एस’ दोन्ही लिहायचे. भाऊ पुरुष आहे, याचा इथे काही संबंध नाही.

मराठी माणूस फसतो तो ‘मला’पाशी. ‘भावाने मला समजून घेतलं’ आणि ‘भावाने मला वचन दिलं’, दोन्हीकडे आपला ‘ला’ एकच. फ्रेंचमध्येही दोन्हीकडे एकच ‘म’ येतो, पण बोलणारी मुलगी असेल तर पहिल्या वाक्यात ‘मा कोंप्रीझ’ होतं आणि दुसऱ्यात नुसतं ‘मा प्रोमी’. ओळखायचं कसं? ‘मला’ काढून तिथे एखादं नाव घाला, ते क्रियापदानंतर ठेवा आणि आधी ‘आ’ हे अव्यय लागतं का ते पाहा. वचन देताना ते लागतं, म्हणजे ते थेट कर्म नव्हे आणि शब्द बदलत नाही. समजून घेताना लागत नाही, म्हणून बदलतो. ‘त्यातले काही’ या अर्थाचा ‘आँ’ आधी आला, तर मात्र सहसा काहीच जोडायचं नाही.

2018 मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी ‘आव्वार’सोबतचा हा नियम सोडून द्यावा, असा जाहीर प्रस्ताव मांडला. सूचना मला रास्त वाटते. पण नियम अजून कायम आहे, तेव्हा उत्तरपत्रिका देण्यापूर्वी प्रत्येक ‘क’ आणि प्रत्येक ‘म’ एकदा तपासून घ्या.