कर्तन प्रेरणा व नमन परिबल आलेख (बिंदुभार वाहणाऱ्या साध्या तुळईचे)

दोन टोकांशी नुसत्या टेकवलेल्या तुळईवर एका ठिकाणी भार ठेवला असता तिच्या प्रत्येक छेदाशी दोन प्रकारचे परिणाम होतात. छेदाच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूच्या भागाशेजारून वर वा खाली सरकू पाहतो. ही सरक घडवू पाहणाऱ्या प्रेरणेला कर्तन प्रेरणा म्हणतात. त्याच छेदाशी तुळई वाकूही पाहते. या वाकविण्याच्या प्रवृत्तीचे माप म्हणजे नमन परिबल होय. तुळईच्या लांबीवर या दोन राशी कशा बदलतात, हे दाखविणाऱ्या आकृत्यांना अनुक्रमे कर्तन प्रेरणा आलेख व नमन परिबल आलेख अशी नावे आहेत. हे दोन आलेख स्वतंत्र नसून दुसरा पहिल्यातूनच निघतो. हा संबंध ध्यानात आला म्हणजे आकडेमोडीतील बहुतेक चुका कागदावरच उघड्या पडतात.

साध्या तुळईचे आधार तिला खाली जाऊ देत नाहीत. परंतु टोकांशी तिच्या वळण्याला ते अडथळा करीत नाहीत. म्हणून दोन्ही टोकांशी नमन परिबल शून्य असते. भिंतीत घट्ट रोवलेल्या वा खांबाशी एकसंध ओतलेल्या तुळईला हे लागू नाही, आणि पुढील विवेचनही तिला जसेच्या तसे लावता येणार नाही.

उदाहरण म्हणून ६ मी. लांबीची तुळई घेऊ. डावा आधार अ, उजवा आधार आ आणि अ पासून २ मी. अंतरावरील क या बिंदूवर ३० किलोन्यूटन भार आहे. तुळईचे स्वतःचे वजन तूर्त विचारात घेतलेले नाही. प्रथम आधारांच्या प्रतिक्रिया काढतात. अ बिंदूभोवती परिबले घेतली, तर भाराचे परिबल ३० × २ = ६० किलोन्यूटन-मीटर येते. आ येथील प्रतिक्रियेने ६ मी. अंतरावरून ते तोलावयाचे असल्याने ती १० किलोन्यूटन होते. उरलेले २० किलोन्यूटन अ येथे येतात. भार ज्या आधाराच्या जवळ, त्याच्यावर बोजा अधिक, हा डोलीच्या भोयांना ठाऊक असलेलाच न्याय येथे दिसतो.

कर्तन प्रेरणा आलेख काढण्यासाठी ६ सेंमी. लांबीची आडवी आधाररेषा घ्यावी (१ सेंमी. = १ मी.) आणि उभे प्रमाण १ सेंमी. = १० किलोन्यूटन ठेवावे. डाव्या टोकाकडून निघून जी प्रेरणा भेटेल ती तिच्या दिशेनेच मांडत जावी. अ येथे प्रतिक्रिया वर ढकलते, म्हणून रेषा २ सेंमी. वर चढते. अ व क यांच्या दरम्यान काहीच भार नाही, म्हणून ती आडवीच राहते. क येथे ३० किलोन्यूटन खाली खेचतात, त्यामुळे ती ३ सेंमी. उतरून आधाररेषेच्या १ सेंमी. खाली येते. तेथून आ पर्यंत पुन्हा आडवी जाऊन शेवटी तेथील प्रतिक्रियेमुळे १ सेंमी. वर येते व आधाररेषेला मिळते. म्हणजे क च्या डावीकडे कर्तन प्रेरणा +२० व उजवीकडे −१० किलोन्यूटन आहे. येथे डावा भाग वर सरकू पाहत असेल, तर कर्तन प्रेरणा धन मानली आहे. काही ग्रंथांत याउलट संकेत आढळतो. कोणताही चालतो, मात्र एकाच आलेखात दोन्ही मिसळू नयेत.

कोणत्याही छेदाशी असणारे नमन परिबल हे डाव्या टोकापासून त्या छेदापर्यंतच्या कर्तन आलेखाच्या क्षेत्रफळाइतके असते. अ येथे ते शून्य आहे. पुढे दर मीटरला ते २० किलोन्यूटन-मीटरने वाढत जाऊन क येथे २० × २ = ४० होते. तेथून दर मीटरला १० ने घटत जाऊन ४ मी. नंतर, म्हणजे आ येथे, बरोबर शून्यावर येते. आलेख असा एक त्रिकोण असून त्याचे शिखर भाराच्या खाली आहे. कर्तन प्रेरणेचे चिन्ह जेथे बदलते तेथेच हे शिखर येते, कारण तोवर जमा होत असलेली राशी तेथून वजा होऊ लागते. तुळई खाली झोळ धरते ते परिबल येथे धन मानून आधाररेषेच्या वर काढले आहे. काही देशांतील अभियंते ते ताण पडणाऱ्या बाजूला, म्हणजे रेषेच्या खाली काढतात.

त्रिकोण आ येथे शून्यावर मिटतो की नाही, हीच या कामातील खरी कसोटी आहे. नवशिक्या विद्यार्थ्याची नेहमीची चूक म्हणजे भार मध्यावर नसतानाही तो दोन्ही आधारांवर निम्मा वाटणे. तसे १५-१५ किलोन्यूटन घेतले, तर कर्तन आलेख निर्वेध मिटतो व चूक दिसत नाही. परंतु परिबल क येथे ३० होऊन पुढच्या ४ मी. मध्ये ६० ने उतरते आणि आ येथे −३० उरते. नुसते टेकलेले टोक परिबल धरूच शकत नाही, तेव्हा प्रतिक्रिया चुकल्या हे निश्चित होते. मात्र भाराचा आकडा वा त्याची जागाच मुळात चुकीची घेतली असेल, तर ही कसोटी मूक राहते.

भाराची दोन आधारांपासूनची अंतरे परस्परांनी गुणून त्या गुणाकाराला भाराने गुणावे व एकूण लांबीने भागावे, म्हणजे कमाल परिबल थेट मिळते. तुळईच्या मोडण्याचा या दोन अंतरांच्या गुणाकाराशी असलेला संबंध गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविला होता. हा गुणाकार मध्यावर सर्वांत मोठा असतो. आपल्या तुळईवरील भार मध्यावर आणला, तर परिबल ४५ किलोन्यूटन-मीटर होते. तोच भार अ पासून अर्ध्या मीटरवर नेला, तर परिबल १३·७५ इतके खाली येते, पण डावीकडील कर्तन प्रेरणा २७·५ किलोन्यूटनांवर जाते. आधाराजवळचा भार निरुपद्रवी, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. प्रबलित काँक्रीटच्या तुळईत खालच्या अंगाला असणाऱ्या मुख्य सळया नमन परिबलासाठी असतात. कर्तन प्रेरणेसाठी उभ्या कड्या घालतात व आधारांजवळ त्या दाट बसवितात. तेथील काँक्रीटला तिरप्या भेगा पडू लागल्यास कर्तनाची शंका घ्यावी, तर अधिकतम परिबलाच्या जागी तळाशी पडणाऱ्या उभ्या भेगा वाकण्यामुळे येतात.

बिंदुभार ही कल्पना सोयीची आहे. प्रत्यक्षात भार काही रुंदीवर पसरलेला असतो. वरील ३० किलोन्यूटन ३० सेंमी. रुंदीच्या खांबावाटे सारखे पसरून आले असे मानले, तर कर्तन आलेखातील सरळ उभा उतार तिरपा होतो, परिबलाचे टोक गोलसर होते आणि कमाल परिबल ४० ऐवजी ३९ होऊन क च्या ५ सेंमी. उजवीकडे सरकते. हा फरक किरकोळ आहे. स्वतःच्या वजनाचा मात्र तसा नाही. ही तुळई २३ सेंमी. रुंद व ४५ सेंमी. खोल अशा काँक्रीटची असेल, तर तिचे वजन दर मीटरला सुमारे २·६ किलोन्यूटन भरते व क येथील परिबलात सुमारे १०·४ ची भर पडते. दोन्ही मिळून ते ५०·४ होते, म्हणजे वजन सोडून काढलेल्या आकड्याच्या सव्वापट. अशा वेळी वजनाचा आलेख वेगळा काढून दोन्ही आलेखांच्या उंची प्रत्येक छेदाशी मिळवितात.

परिबल जेथे सर्वाधिक, तेथेच तुळई सर्वांत जास्त खाली झुकते असे नाही. सर्वत्र सारख्याच छेदाच्या या तुळईवर ३० किलोन्यूटनांचा भार एकटाच असताना कमाल झुकाव अ पासून सुमारे २·७३ मी. अंतरावर, म्हणजे भारापासून मध्याच्या दिशेने ७३ सेंमी. सरकलेला आढळतो. तो काढण्यासाठी नमन परिबल आलेखाचे आणखी दोनदा संकलन करावे लागते.