डे पास की महिन्याचा प्लॅन? को-वर्किंगच्या पोस्टमध्ये आकडा लपवू नका

को-वर्किंग जागांसाठी सोशल मीडियाच्या पोस्ट लिहिण्याचे काम आता आपले अनेक तरुण-तरुणी करतात. अशा पोस्टमध्ये आम्हाला एकच दोष पुन्हा पुन्हा दिसतो. फ्रीलान्सर आणि नवे स्टार्टअप या दोघांना एकाच पोस्टमध्ये कोंबलेले असते आणि दर मात्र 'इनबॉक्स करा' म्हणून झाकलेला असतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, डे पास 400 रुपये आणि महिन्याचा प्लॅन 6000 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 472 आणि 7080 रुपये. 7080 ला 472 ने भागले की 15 येतात. महिन्यात 15 दिवसांपेक्षा कमी येणाऱ्याला डे पास स्वस्त, जास्त येणाऱ्याला महिना स्वस्त. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी एखादी डिझायनर फक्त क्लायंटच्या कॉलच्या दिवशी, समजा नऊ दिवस आली, तर तिचे 4248 रुपये होतात. तिच्या माथी महिन्याचा प्लॅन मारला तर ती दुसऱ्या महिन्यात येणार नाही. म्हणून तिच्यासाठीच्या पोस्टमध्ये करासह दर, उघडण्याची-बंद होण्याची वेळ, वीज गेल्यावरची सोय आणि फोनवर बोलायला वेगळी जागा आहे का, एवढे स्पष्ट लिहावे. फोटो सजवलेल्या स्वागतकक्षाचा नको, प्लग दिसेल अशा टेबलाचा हवा.

स्टार्टअपची गरज निराळी. त्यांना खुर्चीइतकाच पत्ता महत्त्वाचा. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय दाखवायला जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि अलीकडचे वीजबिल लागते. जीएसटी नोंदणीलाही जागेची कागदपत्रे द्यावी लागतात. डे पासवर हे मिळत नाही. महिन्याच्या प्लॅनमध्ये मिळते की वेगळे पैसे पडतात, हे पोस्टमध्येच सांगा. अनामत किती, सोडताना किती दिवस आधी कळवायचे, तेही सांगा. भांडणे बहुतेक इथूनच सुरू होतात.

कराचा भारही दोघांवर सारखा पडत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टार्टअपला भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. मात्र विक्रीच सुरू झाली नसेल तर ती रक्कम खात्यात नुसती पडून राहते. नोंदणी नसलेल्या फ्रीलान्सरच्या खिशातून 1080 रुपये जातात ते जातातच. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या बहुतेकांना नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे 'अधिक जीएसटी' हे बारीक अक्षर त्यांना चांगलेच झोंबते.

पोस्ट चुकली हे कमेंट वाचून कळते. सगळे 'रेट?' एवढेच विचारत असतील तर मुख्य माहितीच राहिली आहे. 'शनिवारी चालू असते का?', 'दोघे आलो तर?' असे प्रश्न येऊ लागले, की समजा वाचणारा यायच्या तयारीत आहे. आणि डे पासवाला एका महिन्यात पंधराव्यांदा आला, तर मालकाने स्वतःहून त्याला महिन्याचा प्लॅन सुचवावा, भरलेले पैसे त्यात वळते करून.