बाबांचा पहिला लॅपटॉप

आईवडिलांसाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, "त्यांना काय करायचंय मोठं, सगळ्यांत स्वस्त घेऊ." दुसरा म्हणतो, "माझा जुना पडूनच आहे, तो देऊन टाकू." दोन्हींतून बहुतेक वेळा निष्पन्न एकच होतं. लॅपटॉप महिनाभरात कपाटात जातो आणि "आमच्याच्यानं नाही होत बुवा" हे वाक्य घरात कायमचं राहतं. दोष माणसाचा कमी आणि निवडीचा जास्त असतो. नवख्या माणसाला कमी ताकदीचं यंत्र नको असतं. त्याला असं यंत्र हवं असतं, जे बटण दाबल्यावर लगेच उत्तर देतं आणि मधेच अनोळखी प्रश्न विचारत नाही.

एक उदाहरण धरून चालू. वडील सत्तरीचे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले, कराडला राहतात. मुलगा पुण्यात. मोबाईलवर व्हॉट्सॲप आणि यूट्यूब त्यांना सहज जमतं, पण संगणकाला हात लावलेला नाही. दुकानात जाण्यापूर्वी मुलाने त्यांच्याशी बोलून एक यादी केली. नातवाशी मोठ्या पडद्यावर बोलायचं. वर्तमानपत्रं वाचायची. शाळेतल्या आठवणी मराठीत लिहून काढायच्या. पेन्शन जमा झाली का ते पाहायचं. आणि ज्येष्ठ नागरिक संघाचा जमाखर्च ठेवायचा. तो हिशेब तपासणाऱ्याला एक्सेलच्या ठरावीक फाइलमध्येच द्यावा लागतो आणि घरातल्या जुन्या प्रिंटरवर छापावाही लागतो.

अशी यादी करताना काही कामं लॅपटॉपवरून काढूनही टाकावीत. हयातीचा दाखला चेहरा ओळखून काढायचा असेल तर ते काम मोबाईलवर होतं. लॅपटॉपला त्यासाठी बोटाचा ठसा घेणारं वेगळं यंत्र जोडावं लागतं. यूपीआयचे व्यवहारही मोबाईलवरच राहू द्यावेत.

यादी तयार झाली की पहिला मोठा प्रश्न सुटतो: विंडोज घ्यायचं की क्रोमबुक? यादीतली शेवटची ओळ नसती, तर क्रोमबुक हे उत्तर सरळ होतं. त्यात जवळपास सगळं काम क्रोम ब्राउझरमध्येच होतं, तो लवकर सुरू होतो, आणि विंडोजसाठी बनवलेले .exe प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत, त्यामुळे भलतंच काही घुसण्याचा एक मोठा रस्ता आपोआप बंद होतो. मात्र घरी इंटरनेट भरवशाचं हवं. आणि प्रत्येक क्रोमबुक मॉडेलला अपडेट मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. 2021 नंतरच्या मॉडेलना ती दहा वर्षांची आहे, पण मोजणी आपण विकत घेतल्या दिवसापासून होत नाही. म्हणून सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची तारीख आधी तपासावी.

कराडच्या बाबांना मात्र एक्सेलची तीच फाइल आणि जुना प्रिंटर सांभाळायचा आहे. शिवाय अडलं तर मदतीला येणारा शेजारचा मुलगा आणि गावातला दुरुस्तीवाला, दोघांनाही विंडोजच येतं. त्यामुळे इथे विंडोज. मदत करणाऱ्याला जे येतं ते घेणं यात काही कमीपणा नाही. ॲपलचा लॅपटॉपही वापरायला सोपा आहे, पण मदत करणाऱ्याकडेही तोच असेल तरच त्याची किंमत वसूल होते.

आता दुकान. तिथे ढीगभर आकडे ऐकवले जातात. त्यातले तीनच पक्के धरावेत.

पहिला, रॅम 8 जीबी. विंडोज 11 साठी किमान अट 4 जीबीची आहे आणि स्वस्त लॅपटॉप त्याच अटीवर विकले जातात. पण 4 जीबीमध्ये खिडकी उघडायला वेळ लागतो. सवयीचा माणूस थांबतो. नवखा माणूस आपलंच चुकलं असं समजून पुन्हा क्लिक करतो, मग पुन्हा. शेवटी एकाच कामाच्या पाच खिडक्या एकदम उघडतात आणि तो घाबरून झाकण लावतो. म्हणजे मंद यंत्र नवख्यालाच जास्त छळतं. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, हेही आधीच विचारून घ्यावं.

दुसरा, साठवण एसएसडीची हवी. काही स्वस्त यंत्रांत 64 जीबीची ईएमएमसी असते. ती संथ असते आणि विंडोजच्या अपडेटनीच भरत येते. दुकानातच Ctrl+Shift+Esc दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे Performance मध्ये Disk वर गेलं की आत काय आहे ते दिसतं. बाबांच्या यादीला 256 जीबी पुरेसे आहेत.

तिसरा, पडदा 1920 बाय 1080. अनेकांना वाटतं की पडद्यावर बिंदू जास्त म्हणजे अक्षरं बारीक, मग म्हाताऱ्या डोळ्यांना ते कशाला? व्यवहारात उलटं घडतं. अक्षरं मोठी करायची तर Settings मध्ये System, मग Display आणि तिथे Scale 150% करायचं असतं. 1366 बाय 768 च्या पडद्यावर एवढं मोठं केलं तर खिडक्या पडद्यात मावत नाहीत आणि खालची 'ठीक आहे' किंवा 'पुढे' ही बटणं पडद्याबाहेर जातात. समोरच्या माणसाला बटण दिसतच नाही. तो अडकून बसतो. म्हणून दुकानातच 150% करून एखादी वेबसाइट उघडून पाहावी. मग पडदा थोडा मागे कलवून वरून आणि बाजूने बघावं. रंग उलटेपालटे दिसले तर तो पडदा सोडून द्यावा. चकचकीत पडद्यात खिडकीचा उजेड चमकतो, म्हणून चकाकी नसलेला बरा. आकार 15.6 इंच. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर वजनाची चिंता नको.

याच तीन गोष्टींमुळे मुलाचा जुना लॅपटॉप बाद होतो. विंडोज 10 चा नियमित सुरक्षा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि साधारण 2018 पूर्वीचे बरेच प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. असं यंत्र चालू होईल, पण पेन्शनचं खातं त्यावर उघडू नये.

खरेदी करताना आणखी दोन प्रश्न विचारावेत. ऑफिस कायमचं आहे की महिनाभराच्या चाचणीचं? आणि वॉरंटीत कंपनीचा माणूस कराडला घरी येईल की लॅपटॉप पुण्याला न्यावा लागेल?

खोका घरी आला की लगेच बाबांच्या हातात देऊ नये. मुलाने एक संध्याकाळ त्यावर घालवावी. लॅपटॉप खरा सोपा होतो तो तेव्हा. पहिलं खातं मुलाच्या नावाचं करावं, तेच यंत्राचं प्रशासक. मग Settings मधल्या Accounts मध्ये जाऊन बाबांसाठी दुसरं, साधं खातं उघडावं. बाबा रोज त्याच खात्यातून काम करतील. यंत्रात खोलवर बदल करणारा प्रोग्रॅम टाकायची वेळ आली की विंडोज प्रशासकाचा पासवर्ड मागेल आणि तो मुलाकडे असेल. सगळेच नको ते प्रोग्रॅम याने अडत नाहीत, पण बरेच अडतात.

आधीच भरून आलेला अँटिव्हायरस काढून टाकावा. चाचणीची मुदत संपली की तो रोज पैसे मागतो आणि नवख्या माणसाला ती धमकी वाटते. विंडोजमधलं स्वतःचं संरक्षण या कामांना पुरतं.

त्यानंतर हाताचा विचार. टचपॅडवर तीन बोटं चुकून खाली सरकली की उघडी खिडकी नाहीशी होते, आणि "माझं लिहिलेलं गेलं" म्हणून पुण्याला फोन येतो. तीन बोटांच्या खुणा बंद कराव्यात आणि वायरचा, हातात नीट मावणारा माउस द्यावा. डबल क्लिक करताना थरथरता हात हलला तर फाइल ओढली जाऊन दुसऱ्याच जागी पडते. त्यामुळे बाबांची पाच कामं खालच्या पट्टीवर लावून ठेवावीत. तिथे एकाच क्लिकने काम होतं. डेस्कटॉप रिकामा ठेवावा.

मराठीसाठी भाषांच्या यादीत मराठी घालून Marathi Phonetic हा कीबोर्ड निवडावा. namaskar टाइप केलं की 'नमस्कार' उमटतं. इंग्रजी आणि मराठी यांत ये-जा करायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार. टाइप करायचा कंटाळा असेल तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. विरामचिन्हं आणि नावं मात्र मागाहून तपासावी लागतात.

आता धोक्याचं. पडद्याच्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात 5 व्हायरस" अशी पाटी येऊ लागते. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. कुठल्या तरी वेबसाइटने सूचना पाठवायची परवानगी मागितलेली असते आणि Allow वर क्लिक झालेलं असतं. क्रोमच्या Settings मध्ये Privacy and security, मग Site settings, मग Notifications इथे जाऊन सगळ्याच वेबसाइटना परवानगी मागण्यास मनाई करावी. पहिल्याच संध्याकाळी हे केलं तर निम्मी घबराट टळते.

दुसरा प्रकार गंभीर. पूर्ण पडदा व्यापणारी सूचना, कर्कश आवाज आणि "या क्रमांकावर फोन करा." पलीकडचा माणूस पडदा पाहू देणारा प्रोग्रॅम टाकायला लावतो आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतो. बाबांना एवढंच शिकवावं: फोन करायचा नाही, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवायचं आणि मुलाला कळवायचं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या क्रमांकावर तक्रार करायची.

इथे एक पेच आहे. मुलगासुद्धा पुण्यातून मदत करताना विंडोजमधल्या Quick Assist ने बाबांचा पडदाच पाहणार असतो. म्हणून नियम घालून द्यावा: बाबांनी स्वतः मुलाला फोन केला असेल तरच कोड टाइप करायचा. फोन दुसऱ्या बाजूने आला, मग तो बँकेचा असो वा कंपनीचा, तर नाही.

पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात ठेवली तरी चालेल. कराडच्या घरातली वही चोरीला जाण्यापेक्षा पासवर्ड विसरून खातं अडकण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. फक्त बँकेचा पासवर्ड त्या वहीत नको.

शिकवताना माउस बाबांच्याच हातात राहू द्या, स्वतःचे हात मागे ठेवा. पहिल्या आठवड्यात यादीतलं एकच काम, बहुधा नातवाशी बोलणं. एक्सेल सगळ्यात शेवटी. आणि खरेदीआधी त्यांच्यासोबत बसून ती यादी करा. 8 जीबी रॅम, एसएसडी, 1080 चा पडदा आणि एका संध्याकाळची मांडामांड एवढं जमलं, तर कंपनी कोणतीही घेतली तरी फारसा फरक पडत नाही.